बीईपीमधली एकच यादी: मॉडेल कुणाचं, तपशील किती आणि क्लॅश सोडवायचा कुणी

बीआयएम एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे आपल्या बोलण्यातला बीईपी, हातात आला की मी आधी तीन तक्ते उघडतो. जबाबदाऱ्यांचा, एलओडीचा आणि क्लॅशचा. बहुतेक वेळा तिघांची एकमेकांशी ओळखही नसते. पहिल्यात 'एमईपी मॉडेल: एमईपी सल्लागार' एवढंच, दुसऱ्यात 'सर्व मॉडेल एलओडी ३५०', तिसऱ्यात 'दर आठवड्याला क्लॅश मीटिंग'. प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर दिसते. साइटवर डक्ट बीमला टेकला की मात्र तिन्हीतली एकही कामाला येत नाही.

कारण साधं आहे. हे तीन तक्ते वेगवेगळ्या जुन्या बीईपींमधून उचलून चिकटवलेले असतात. खरं तर तिन्ही एकाच यादीतून निघायला हवेत: इमारतीतल्या घटकांच्या यादीतून. ती यादी कशी करायची ते खाली क्रमाने सांगतो. उदाहरण कोल्हापुरातल्याच एका चार मजली रुग्णालयाचं आहे. आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार इथले, एमईपी सल्लागार पुण्याचा, डक्टचा फॅब्रिकेटर शिरोलीचा. पहिल्या मजल्याच्या एका कॉरिडॉरने आम्हाला जे शिकवलं, त्यातूनच ही पद्धत आली.

## टप्पा ०: लिहायला बसण्यापूर्वी

टेबलावर चार गोष्टी हव्यात. मालकाने मागितलेल्या माहितीचं पत्रक, प्रत्येक सल्लागाराचं करारपत्र, मंजूर ग्रिड आणि लेव्हल, आणि कोण कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीत काम करतो याची नोंद.

यातलं करारपत्र सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. आमच्या एमईपी सल्लागाराच्या करारात 'सिंगल लाइन डिझाइन आणि लेआउट' असे शब्द होते. सपोर्ट आणि हँगर दाखवणं त्यात कुठेच नव्हतं. बीईपीत मात्र त्याच्या नावापुढे एलओडी ३५० पडलं. तो म्हणाला, "साहेब, याचे पैसे कुठे धरलेत?" त्याचं बरोबरच होतं. करारात नसलेलं काम बीईपीत लिहून कुणाच्या गळ्यात पडत नाही.

मालक आयएसओ १९६५० मागत असेल तर एक क्रम ध्यानात ठेवा. नेमणुकीआधीच्या बीईपीत जबाबदाऱ्यांचा ढोबळ तक्ता असतो आणि नेमणुकीनंतर त्याचा सविस्तर तक्ता होतो. पुष्कळ जण ढोबळ तक्त्यावरच गाडी हाकतात. या लेखातली यादी म्हणजे तो सविस्तर तक्ता.

तपासणी: तिन्ही ऑफिसांकडून एकेक रिकामं मॉडेल मागवा. त्यात फक्त ग्रिड, लेव्हल आणि मूळ बिंदूवर ठेवलेला एक ठोकळा असावा. तिन्ही एकत्र उघडल्यावर ठोकळे एकावर एक बसले नाहीत, तर पुढचा एकही क्लॅश रिपोर्ट खरा नाही. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

## टप्पा १: घटकांची यादी करा, विषयांची नको

'आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, एमईपी' ही यादी नव्हे. यादीत स्लॅब, बीम, भिंत, फॉल्स सीलिंग, मुख्य डक्ट, शाखा डक्ट, डक्टचं इन्सुलेशन, स्प्रिंकलर पाइप, केबल ट्रे, ड्रेनेज पाइप, हँगर, स्लीव्ह असे घटक सुटे सुटे लिहायचे. एवढ्या इमारतीला साठ-सत्तर ओळी पुरतात. दोनशेच्या वर गेलात तर ती कुणी वाचणार नाही.

यादी काढताना नकाशे पाहू नका, साइटवर कोण काय बसवतो ते आठवा. फ्लोअरिंगखालचं मसाल्याचं जाडीकाम, जनरेटरखालचा काँक्रीटचा ओटा, शाफ्टचा दरवाजा, वॉटरप्रूफिंगसाठी खाली घेतलेला संडासाचा स्लॅब ही मंडळी दोन विषयांच्या फटीत राहतात. भांडणं तिथेच होतात.

## टप्पा २: प्रत्येक ओळीला एकच मालक

नियम एका ओळीचा: एक घटक एकाच मॉडेलमध्ये, एकाच माणसाच्या नावावर. बाकीचे तो लिंक करून पाहतील, पुन्हा काढणार नाहीत.

सगळ्यात सामान्य चूक कॉलम आणि स्लॅबची. आर्किटेक्ट सुरुवातीला स्वतःच्या सोयीसाठी कॉलम आणि स्लॅब काढतो. मग आरसीसी सल्लागार आपले काढतो. आर्किटेक्टचे पुसले जात नाहीत. आमच्याकडे पहिल्या टेस्टला शेकडो क्लॅश आले, आणि त्यातले बरेचसे म्हणजे एकाच जागी बसलेले दोन कॉलम होते. त्याहून वाईट म्हणजे एका ठिकाणी आरसीसीने बीमची खोली ४५०ची ६०० मिमी केली आणि आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये जुनाच बीम राहिला. सीलिंगचं सेक्शन त्या जुन्या बीमवरून निघालं.

म्हणून तारीख टाकून लिहा: आरसीसीचं पहिलं मॉडेल शेअर झालं की आर्किटेक्ट आपले कॉलम, बीम आणि स्लॅब काढून टाकील. काँक्रीटचा स्लॅब आरसीसीचा, त्यावरची फ्लोअरिंगची जाडी आर्किटेक्टची. भार घेणारी काँक्रीटची भिंत आरसीसीची, विटांची आर्किटेक्टची.

दुसरा अवघड घटक म्हणजे भोक. डक्ट जायला भिंतीत किंवा बीममध्ये जागा हवी, तर ती जागा कुणाची? इथे एक नाव पुरत नाही, तीन क्रिया वेगळ्या कराव्या लागतात. एमईपी मागणी करतो, म्हणजे जिथे जागा हवी तिथे आपल्या मॉडेलमध्ये ठोकळा ठेवतो. आरसीसी तो मान्य करतो किंवा नाकारतो. मान्य झाल्यावर प्रत्यक्ष भोक घटकाचा मालक पाडतो, म्हणजे बीममध्ये आरसीसी आणि विटांच्या भिंतीत आर्किटेक्ट. एमईपीवाल्याने दुसऱ्याच्या बीममध्ये परस्पर भोक दाखवायचं नाही.

इशारा: एखाद्या ओळीत 'आर्किटेक्ट/एमईपी' असं तिरकी रेघ देऊन लिहिलेलं दिसलं, तर ती ओळ अजून झालेली नाही. तिरक्या रेघेचा अर्थ 'कुणीच नाही' असा होतो.

## टप्पा ३: तपशील ठरवा, पण मॉडेलचा नव्हे, घटकाचा

एलओडी हा आकडा सबंध मॉडेलला लागत नाही, ठरावीक टप्प्यावरच्या ठरावीक घटकाला लागतो. थोडक्यात अर्थ असा: २०० म्हणजे अंदाजे आकार आणि जागा, ३०० म्हणजे नेमकं माप आणि नेमकी जागा, ३५० म्हणजे त्यात शेजारच्या घटकांशी येणारा संबंध, म्हणजे सपोर्ट, जोड आणि लागणारी जागा, ४०० म्हणजे फॅब्रिकेशनला पुरेल इतकं, ५०० म्हणजे जागेवर पडताळलेलं. यातला ३५० हा टप्पा समन्वयाच्या गरजेतूनच आला. आयएसओ १९६५० एलओडी हा शब्द वापरत नाही. त्यात कुठल्या कामासाठी किती माहिती लागते ते विचारतात. आकडे कुठलेही घाला, पण विचारायचा प्रश्न तोच ठेवा.

आता तो कॉरिडॉर. २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेला मालक, त्यामुळे 'तळघरात पॅनल नको' ही त्याची पहिली अट. मुख्य पॅनलची खोली पहिल्या मजल्यावर आली आणि तिच्याबरोबर जाडजूड केबल ट्रेही याच कॉरिडॉरमध्ये आले. मापं अशी होती. स्लॅब ते स्लॅब ३६०० मिमी. बीमची खोली स्लॅब धरून ६००. म्हणजे बीमच्या बुडापर्यंत ३०००. फ्लोअरिंग ५० गेलं, राहिले २९५०. फॉल्स सीलिंग फरशीपासून २४०० वर आणि तिच्या फ्रेमसकट ५० जाडी, म्हणजे २४५०. बीमखाली हाती लागले बरोबर ५०० मिमी.

डक्ट ३०० मिमी उंच. त्याखालून स्प्रिंकलरचा १०० मिमीचा मुख्य पाइप, ज्याचा बाहेरचा व्यास ११४ असतो. एमईपी मॉडेल एलओडी ३०० ला होतं: ३०० अधिक ११४ म्हणजे ४१४. शिल्लक ८६ मिमी. टेस्ट चालवली, एकही क्लॅश नाही. सगळे खूश.

मग मी हातानेच बेरीज केली. डक्टला वर आणि खाली २५-२५ मिमी इन्सुलेशन, म्हणजे ५० वाढले आणि ४६४ झाले. डक्टखाली आडवा स्टीलचा चॅनल ४१ मिमीचा, म्हणजे ५०५. पाच मिमीने बाहेर, आणि अजून पाइपच्या क्लॅम्पला आणि माणसाच्या हाताला जागा दिलेलीच नाही. मॉडेल खोटं बोललं नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढ्याचंच उत्तर त्याने दिलं होतं.

म्हणून कॉरिडॉर, शाफ्ट आणि प्लँटरूममध्ये मुख्य डक्ट, पाइप आणि ट्रे यांना टेंडरपूर्वीच ३५० हवं. खोल्यांमधल्या शाखांना ३०० पुरतं. भिंतीतल्या कंड्युटचं मॉडेल करायचंच नाही, तेही यादीत स्पष्ट लिहायचं. आमच्या यादीतल्या काही ओळी अशा होत्या:

| घटक | मालक | समन्वयाच्या वेळी | टेंडरच्या वेळी | जागा व अट |
|---|---|---|---|---|
| बीम, स्लॅब | आरसीसी | ३०० | ३०० | खळगे आणि मान्य भोकांसह |
| मुख्य डक्ट | एमईपी | ३०० | ३५० | कॉरिडॉर, शाफ्ट: इन्सुलेशन व चॅनलसह |
| शाखा डक्ट | एमईपी | २०० | ३०० | खोल्या |
| ड्रेनेज पाइप | एमईपी | ३०० | ३५० | उतारासह, सपाट चालणार नाही |
| केबल ट्रे | एमईपी | ३०० | ३५० | वर १५० मिमी हात घालायची जागा |
| भिंतीतले कंड्युट | कुणी नाही | नाही | नाही | नकाशावर फक्त खूण |

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नुसता आकडा लिहिला तर ३५० चा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो.

तपासणी: ड्रेनेजच्या एका पाइपवर क्लिक करून दोन्ही टोकांची उंची पाहा. १:१०० उताराने ९ मीटरमध्ये ९० मिमी फरक पडायलाच हवा. दोन्ही टोकं सारखी असतील तर तो पाइप ३०० ला पोहोचलेलाच नाही, रेघ कितीही सुरेख दिसो.

## टप्पा ४: कोणाची टेस्ट कोणाशी, आणि सवलत किती

आता तीच यादी घेऊन क्लॅशच्या जोड्या लावा. सगळ्यांची सगळ्यांशी टेस्ट घेतली की हजारांनी निकाल येतात आणि मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडत नाही. आधी प्रत्येक मॉडेलची स्वतःशी टेस्ट, म्हणजे दुहेरी घटक गळतील. मग ड्रेनेज आणि डक्ट यांची आरसीसीशी. मग एमईपीची आपसात. शेवटी सगळ्यांची सीलिंगशी.

नॅव्हिसवर्क्समध्ये एक गोष्ट फार जण उलटी समजतात. `Hard` टेस्टमधला टॉलरन्स म्हणजे किती घुसलेलं चालेल ते. `Clearance` टेस्टमधला म्हणजे किती अंतर हवं ते. 'दोन वस्तूंत ५० मिमी अंतर पाहिजे' म्हणून एका सहकाऱ्याने `Hard` मध्ये ५० घातले. परिणाम असा की ४० मिमी बीममध्ये घुसलेला पाइपही रिपोर्टमधून गायब झाला. यादी लहान झाली म्हणून सगळ्यांना आनंद, एवढीच काय ती कमाई.

आम्ही टॉलरन्स टेस्टच्या नावातच घालतो, म्हणजे लपत नाही:

```
T02_DUCT-v-STR_L01_HARD_010
T05_TRAY-v-ALL_L01_CLEAR_150
```

दुसरा खड्डा इन्सुलेशनचा. रेव्हिटमध्ये `Ducts`, `Duct Fittings` आणि `Duct Insulations` या वेगळ्या कॅटेगऱ्या आहेत. सर्च सेटमध्ये फक्त `Ducts` निवडलं, तर मॉडेलमध्ये इन्सुलेशन असूनही ते टेस्टमध्ये येत नाही. टप्पा ३ मध्ये एवढा खटाटोप करून मिळवलेलं ३५० इथे एका टिचकीत वाया जातं.

तपासणी: एखादा डक्ट मुद्दाम बीममध्ये ढकला, त्याचं इन्सुलेशन फक्त २० मिमी आत जाईल इतकाच. टेस्टने तो पकडला तर सेट बरोबर आहेत. नंतर ती फाइल फेकून द्या, चुकून शेअर करू नका.

## टप्पा ५: हलायचं कुणी

बीईपीत 'संबंधितांनी चर्चा करून सोडवावे' असं लिहिलेलं असतं. चर्चेत जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो. त्यापेक्षा क्रम लिहून ठेवा. आमचा असा होता: उताराने वाहणारं ड्रेनेज जागा धरतं, कारण त्याला वर चढता येत नाही. त्यानंतर मोठे डक्ट, मग स्प्रिंकलर आणि पाण्याचे दाबाचे पाइप, मग केबल ट्रे, शेवटी मेडिकल गॅसच्या आणि इतर लहान नळ्या. आरसीसी सहसा हलत नाही. पण 'सहसा' हा शब्द ठेवा, कारण काही वेळा बीम हलवणंच सगळ्यात स्वस्त पडतं आणि ते सुचवायची मुभा हवी.

क्रम असूनही काही क्लॅश निर्णयाचे असतात, दुरुस्तीचे नसतात. हे दोन वेगळे करा. दुरुस्तीचा क्लॅश मालक स्वतः सोडवतो, मीटिंगला आणायचा नाही. निर्णयाच्या क्लॅशला एकाचं नाव आणि एक तारीख लागते.

आमच्या कॉरिडॉरमध्ये दोन्ही प्रकार होते. स्प्रिंकलरचा पाइप डक्टखालून काढून शेजारी घेतला, ही दुरुस्ती होती. कॉरिडॉरची रुंदी २४०० होती, त्यात इन्सुलेशनसकट डक्ट ८५०, हँगरच्या सळ्यांसाठी १००, ट्रेला बाजूच्या जागेसह ६००, पाइपला २१४. बेरीज १७६४, आरामात बसली. शाखा डक्ट ट्रेखालून गेला: ट्रेवर १५० मोकळे, ट्रे ७५, इन्सुलेशनसकट शाखा २००, एकूण ४२५. सपोर्टला ७५ मिमी उरले. हे एमईपीवाल्याने दोन दिवसांत केलं.

वरच्या मजल्यावरच्या संडासांचा ११० मिमीचा पाइप मात्र कॉरिडॉर आडवा ओलांडून पलीकडच्या शाफ्टला जात होता. ९ मीटरमध्ये ९० मिमी खाली यायचा आणि वाटेत बीम. एमईपीने बीममध्ये स्लीव्ह मागितली. आरसीसीने नाकारली, कारण उतारामुळे ती बीमच्या खालच्या भागात, मुख्य सळ्यांजवळ येत होती. इथे एमईपी आणि आरसीसी आठवडाभर ईमेल खेळले असते. पण यादीत लिहिलं होतं: शाफ्ट वाढवण्याचा निर्णय आर्किटेक्टचा. त्याने एका स्टोअरमधून ६०० बाय ९०० मिमी काढून संडासांच्या बाजूलाच नवा शाफ्ट दिला. नर्सिंग विभाग स्टोअरच्या गेलेल्या जागेवरून थोडा रुसला, पण पाइपचं कॉरिडॉर ओलांडणं थांबलं.

## टप्पा ६: फेरी आणि बंद करणं

दर आठवड्याची फेरी मोठ्या शहरातल्या मोठ्या ऑफिसांना जमते. आपल्याकडे राजारामपुरीतल्या एखाद्या ऑफिसात मॉडेल करणारा एकच मुलगा असतो आणि तोच महापालिकेचे नकाशेही काढतो. पंधरा दिवसांची फेरी लिहा आणि ती पाळा. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी तिघेही मॉडेल शेअर करतात. सोमवारी समन्वयक टेस्ट चालवून निकालांचे गट करतो. मंगळवारी यादी जाते. गुरुवारी निर्णयांची मीटिंग, एक तासाची. पुढच्या शुक्रवारपर्यंत दुरुस्ती, उरलेला आठवडा प्रत्येकाच्या स्वतःच्या कामाला. शुक्रवारी ज्याचं मॉडेल आलं नाही त्याचं मागचंच मॉडेल धरायचं आणि तसं रिपोर्टवर लिहायचं. वाट पाहत बसायचं नाही.

गट करणं हे समन्वयकाचं खरं काम. एक डक्ट बारा बीमला लागत असेल, तर सॉफ्टवेअर बारा क्लॅश मोजतं. तो प्रश्न एकच आहे: डक्टची उंची. गटाला एक क्रमांक, एक मालक, एक तारीख आणि एक चित्र. बीसीएफ फाइलने पाठवलं तर समोरचा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये थेट त्या जागी पोहोचतो. पीडीएफमध्ये शोधत बसावं लागतं.

बंद करण्यावर सगळ्यात जास्त घोळ. नॅव्हिसवर्क्समध्ये `Resolved` ही स्थिती सॉफ्टवेअर स्वतः देतं, आधी सापडलेला क्लॅश नव्या टेस्टमध्ये सापडला नाही की. एखाद्याने हाताने `Resolved` केलं आणि पुढच्या टेस्टला तो पुन्हा निघाला, तर तो परत `New` होतो. म्हणून नियम असा ठेवा: दुरुस्त करणारा फक्त 'दुरुस्त केलं' म्हणतो, बंद करतो तो टेस्ट चालवणारा. `Approved` म्हणजे 'हा क्लॅश आहे आणि तो आम्हाला मान्य आहे', उदाहरणार्थ विटांच्या भिंतीतून जाणारा लहान पाइप. ते लावायचा हक्क एकालाच द्या, आणि कारण लिहिल्याशिवाय लावू देऊ नका. काही ठिकाणी 'पाहिलं' अशा अर्थाने `Approved` दाबलेलं मी बघितलंय. तो क्लॅश मग थेट साइटवरच पुन्हा भेटतो.

इशारा: क्लॅश गायब झाला म्हणजे सुटला असं नाही. कुणी पाइपच पुसला असेल, किंवा सर्च सेटमधून तो निसटला असेल. मोठ्या गटांसाठी बंद करण्यापूर्वी त्या जागेचं सेक्शन डोळ्यांनी पाहा.

## टप्पा ७: सही करण्यापूर्वी एक रंगीत तालीम

बीईपीवर सह्या घेण्यापूर्वी एकाच मजल्याचा एक कोपरा घ्या आणि पूर्ण फेरी चालवा. शेअर करणं, टेस्ट, गट, मीटिंग, दुरुस्ती, बंद. आमच्या तालमीत तीन ओळी बदलल्या. शाफ्टच्या दरवाजाला मालक नव्हता. आरसीसीला भोकांच्या उत्तरासाठी लिहिलेले दोन दिवस कमी पडले, ते पाच केले. आणि पुण्याचं ऑफिस एक आवृत्ती पुढे निघालं, त्यामुळे त्याची फाइल इथे उघडेचना. देवाणघेवाण आयएफसीवर न्यावी लागली.

ठेकेदार आला की यादी पुन्हा उघडायची. मुख्य डक्टचा मालक तेव्हा सल्लागाराकडून ठेकेदाराकडे जातो आणि शिरोलीच्या फॅब्रिकेटरला लागणारं एलओडी ४०० तिथून पुढे त्याचं. कुठल्या तारखेला, कुठल्या आवृत्तीचं मॉडेल, आणि त्यात किती क्लॅश उघडे असताना त्याने ताब्यात घेतलं, हे तिन्ही त्याच ओळीत लिहा. आमच्याकडे ताबा देताना सात उघडे होते. सातही क्रमांक ठेकेदाराच्या सहीसमोर लिहिले होते, म्हणून नंतर 'हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणायला जागा उरली नाही.